पृथ्वीचे वय सांगणारी सरळ रेषा

(१) १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे मांडले. त्यात अनिश्चितता होती ती ७ कोटी वर्षांची. हा आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. विशेष म्हणजे तो काढण्यासाठी त्यांनी पृथ्वीवरचा एकही प्राचीन खडक वापरला नाही. पृथ्वीच्या जन्मकाळचे खडक उरलेलेच नाहीत. भूगर्भातील उलथापालथीत ते वितळले, मोडले, नव्याने घडले. म्हणून पॅटरसन अवकाशातून पडलेल्या दगडांकडे, म्हणजे अशनींकडे वळले.

(२) युरेनियमचे शिशात रूपांतर होते आणि त्याचा वेग ठरलेला असतो. पण खडकातील सगळेच शिसे युरेनियमपासून आलेले नसते. काही शिसे खडक घडतानाच त्यात असते. कोठारात आज किती धान्य आहे ते मोजता येते. मुळात किती होते हे ठाऊक नसेल, तर भर किती पडली हे कसे सांगणार? कालमापनातील खरी अडचण हीच होती.

(३) या अडचणीवरचा उपाय म्हणजे समकालरेषा, अर्थात आयसोक्रोन. शिशाचे २०४ वस्तुमानांकाचे समस्थानिक कोणत्याही क्षयातून तयार होत नाही, म्हणून ते मोजमापाचा स्थिर आधार ठरते. शिसे-२०६ हे युरेनियम-२३८ पासून बनते (अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे), तर शिसे-२०७ हे युरेनियम-२३५ पासून (अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे). आलेखाच्या आडव्या अक्षावर २०६/२०४ आणि उभ्या अक्षावर २०७/२०४ हे गुणोत्तर मांडायचे. एकाच वेळी, एकाच द्रव्यातून घडलेले सगळे नमुने आरंभी एकाच बिंदूवर असतात. ज्यात युरेनियम अधिक, तो बिंदू दूर सरकतो; ज्यात कमी, तो जवळच राहतो. तरीही कोणत्याही क्षणी ते सारे एका सरळ रेषेवर असतात.

(४) या रेषेचा उतार केवळ गेलेल्या काळावर अवलंबून असतो. युरेनियम-२३५ लवकर संपत जाते, त्यामुळे शिसे-२०७ ची बहुतेक भर सुरुवातीच्या काळात पडते. म्हणून नमुने जितके जुने, तितकी रेषा अधिक चढती. नुकत्याच घडलेल्या खडकांच्या बाबतीत उतार जेमतेम ०.०५ च्या आसपास असतो.

(५) आरंभबिंदू मिळाला तो ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो या लोह-अशनीत. तिच्यातील ट्रॉइलाइट या लोह-गंधक खनिजात युरेनियम जवळपास नसतेच. त्यामुळे त्यातले शिसे जन्मापासून बदललेले नाही. मात्र ते अत्यल्प होते, आणि प्रयोगशाळेतील धूळ, पाणी, रसायने, काचेची भांडी या सर्वांतून बाहेरचे शिसे नमुन्यात मिसळत होते. प्रत्येक रसायन शुद्ध करून आणि प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ राखूनच विश्वासार्ह मोजणी शक्य झाली. पुढे याच अनुभवातून पॅटरसन पेट्रोलमधील शिशाविरुद्ध उभे राहिले.

(६) आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. कॅन्यन डायब्लोची गुणोत्तरे ९.४६ आणि १०.३४, मेक्सिकोतील नुएवो लारेडो या दगडी अशनीची ५०.२८ आणि ३४.८६. आडव्या अक्षावरील अंतर ४०.८२, उभ्या अक्षावरील २४.५२. भागाकार सुमारे ०.६०. एवढा चढ येण्यास सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात. आणखी तीन अशनींचे बिंदूही याच रेषेला धरून होते. पाचही बिंदूंच्या एकत्रित हिशेबातून ४५५ कोटी हा आकडा आला.

(७) पण हे वय अशनींचे झाले, पृथ्वीचे कसे? त्यासाठी पॅटरसन यांनी खोल समुद्रातील गाळाचे शिसे घेतले. नद्या अनेक प्रदेशांतले द्रव्य समुद्रात आणतात, त्यामुळे तो गाळ पृथ्वीवरील शिशाची सरासरी मानता येतो. त्याचा बिंदू अशनींच्या रेषेवर आला. पृथ्वी आणि अशनी एकाच काळी, एकाच द्रव्यातून घडल्या असल्या पाहिजेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

(८) या पद्धतीला मर्यादाही आहे. दोन वेगळ्या प्रकारचे शिसे निरनिराळ्या प्रमाणात मिसळले, तरी आलेखावर सरळ रेषाच उमटते आणि तिचा उतार कोणतेही वय सांगत नाही. केवळ रेषा पाहून हा फरक ओळखता येत नाही. दुसऱ्या घड्याळाची साक्ष लागते. १९५६ च्या निबंधात पॅटरसन यांनी ती दिली होती: तीन स्वतंत्र किरणोत्सर्गी पद्धतींनी अशनींचे वय प्रयोगाच्या अचूकतेच्या मर्यादेत एकच येत होते. आज सूर्यमालेतील सर्वांत जुने घनकण सुमारे ४५६.७ कोटी वर्षांचे मानले जातात, आणि पृथ्वी आकाराला येण्यास त्यानंतर काही कोटी वर्षे गेली. म्हणजे पॅटरसन यांची रेषा पृथ्वीची नेमकी जन्मतिथी सांगत नाही; पृथ्वी ज्या द्रव्यातून घडली, त्याच्या जन्माचा काळ सांगते.