विमानाच्या इंजिनातील मिश्रण विरळ करणे

मिश्रण विरळ करणे म्हणजे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) विमान-इंजिनात हवेच्या मानाने इंधनाचे प्रमाण वैमानिकाने हाताने कमी करणे होय. लहान विमानांत यासाठी थ्रॉटलच्या शेजारी लाल रंगाची गुंडी असते. ती आत ढकलली असता मिश्रण समृद्ध, म्हणजे इंधनाचा अंश अधिक असलेले होते. बाहेर ओढली असता विरळ होते. पूर्ण ओढल्यास इंधन तुटून इंजिन बंद पडते. गुंडी किती ओढावी हे ठरविण्याचे प्रमुख साधन म्हणजे सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळीत वायूचे तापमान. हे तापमान दाखविणाऱ्या उपकरणास वैमानिक 'ईजीटी' म्हणतात.

उंचीचा परिणाम

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने एक भाग इंधनामागे सुमारे 14.7 भाग हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र याहून थोड्या समृद्ध, साधारण 12.5 ते 13 भाग हवेच्या मिश्रणात मिळते. विमान वर गेले की हवा पातळ होते व सिलिंडरमध्ये त्याच प्रमाणात कमी हवा शिरते. कार्ब्युरेटरमधून येणारे इंधन मात्र तेवढे घटत नाही, कारण ते हवेच्या घनतेच्या नव्हे, तर घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे गुंडीला हात न लावताही मिश्रण आपोआप समृद्ध होत जाते. लहान विमानांतील साध्या इंधन-इंजेक्शन पद्धतीतही ही भरपाई आपोआप होत नाही.

येथे उंची म्हणजे केवळ समुद्रसपाटीपासूनचे अंतर नव्हे. उष्ण हवा पातळ असते, म्हणून इंजिनाच्या दृष्टीने उन्हाळ्यात प्रत्येक ठिकाण अधिक उंच होते. या हिशेबी उंचीस 'घनता-उंची' म्हणतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर, म्हणजे 2,050 फुटांच्या आसपास आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर 11 अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. मे महिन्यातील दुपारी तेथे 35 अंश तापमान असेल, तर फरक 24 अंशांचा झाला. दर अंशास सुमारे 120 फूट धरल्यास घनता-उंची 5,000 फुटांच्या जवळ जाते. थंड हवेसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव इंजिनाला त्या दुपारी दुपटीहून अधिक उंच वाटते!

तापमानाचा शिखरबिंदू

अतिसमृद्ध मिश्रणात जळू न शकलेले जादा इंधन उष्णता शोषून घेते, म्हणून बाहेर पडणारा वायू तुलनेने थंड असतो. गुंडी हळूहळू ओढत गेल्यास तापमान चढते, संपूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाजवळ शिखर गाठते आणि त्यापुढे उतरू लागते, कारण आता जादा झालेली हवा उष्णता वाटून घेते. शिखराच्या एका बाजूस समृद्ध आणि दुसऱ्या बाजूस विरळ मिश्रण असते.

उपकरणावरील आकड्याला स्वतंत्र अर्थ जवळजवळ नसतो. तापमापक शलाका निष्कास नळीत सिलिंडरपासून किती दूर बसविली आहे यावर तो आकडा बदलतो. एका विमानात शिखर 1,400 अंश फॅरनहाइटवर, तर तशाच दुसऱ्या विमानात 1,500 वर येऊ शकते. म्हणून वैमानिक आधी शिखर शोधतो आणि त्यापासून किती अंश खाली यायचे ते ठरवितो. सर्वाधिक शक्ती शिखराच्या समृद्ध बाजूस सुमारे 100 ते 125 अंशांवर मिळते. सिलिंडरचे डोके मात्र शिखराच्या समृद्ध बाजूस 40 ते 50 अंशांवर सर्वाधिक तापते. त्यामुळे शक्ती 75 टक्क्यांहून अधिक असताना या पट्ट्यात इंजिन चालविणे धोक्याचे मानले जाते. तेथे इंधनाचा अकाली स्फोट होऊन दट्ट्याची हानी होऊ शकते.

घाट ओलांडताना

समजा, सेसना 172 जातीचे विमान जुहूहून निघून खंडाळा-लोणावळ्यावरून बारामतीकडे जात आहे. मावळातील विसापूर किल्ला 1,084 मीटर (सुमारे 3,550 फूट) उंच आहे, म्हणून वैमानिक 5,500 फुटांवरून जाणे पसंत करतो. उड्डाण व पहिला चढ पूर्ण समृद्ध मिश्रणावर होतो. 3,000 फुटांच्या वर इंजिनाचे फेरे जास्तीत जास्त मिळतील इतपत गुंडी ओढली जाते.

वरील दुपारी 5,500 फुटांवर तापमान सुमारे 25 अंश असेल व घनता-उंची 8,000 फूट भरेल. तेथील हवा प्रमाण समुद्रसपाटीपेक्षा 21 टक्के पातळ असते. पण गुंडी न हलविल्यास इंधन 11 टक्केच घटते. या उंचीवर साधे इंजिन पूर्ण थ्रॉटललाही 75 टक्क्यांच्या आसपासच शक्ती देते, त्यामुळे मिश्रण शिखराजवळ आणणे येथे सुरक्षित ठरते. वैमानिक गुंडी सावकाश फिरवीत ओढतो. शलाकेला नवे तापमान दाखविण्यास काही सेकंद लागतात, म्हणून घाई केल्यास शिखर हुकते. समजा, काटा 1,300 वरून 1,450 पर्यंत चढून परतू लागला, तर 1,450 हे शिखर झाले. गुंडी पुन्हा आत फिरवून काटा समृद्ध बाजूस 1,400 वर आणला की काम झाले. या विमानाच्या 'एस' प्रकाराची पुस्तिका शिखराच्या समृद्ध बाजूस 50 अंश हीच जागा सुचविते.

आपण कोणत्या बाजूस आहोत असा संशय आल्यास गुंडी किंचित आत ढकलून पाहतात. तापमान वाढले तर मिश्रण विरळ बाजूस होते. उतरले तर समृद्ध बाजूस.

हे न केल्यास दोन गोष्टी घडतात. पुस्तिकेतील इंधनखर्चाचे तक्ते मिश्रण विरळ केल्याचे गृहीत धरूनच केलेले असतात. त्यावर पल्ल्याचा हिशेब करून पूर्ण समृद्ध मिश्रणावर उडणाऱ्याचे इंधन अपेक्षेआधी संपते, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर उतरण्याजोगी सपाट जागा क्वचितच सापडते. दुसरे म्हणजे, स्पार्क प्लगवर काजळी व विमान-पेट्रोलमधील शिशाचे थर जमतात. पुढच्या उड्डाणापूर्वीच्या मॅग्नेटो-तपासणीत इंजिन धडधडू लागले, तर प्रथम हेच कारण तपासले जाते.

उतरताना

परतीच्या प्रवासात अडचण उलटी असते. लोणावळ्यापासून जुहू सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटर, म्हणजे या विमानास वीस-बावीस मिनिटांचे अंतर आहे. 5,500 फुटांवर लावलेली गुंडी तशीच ठेवून कोकणात उतरल्यास, तेथे 33 अंश तापमान धरून, हवा 19 टक्के वाढते व इंधन 9 टक्केच. वर 13.5 भाग हवेचे असलेले मिश्रण खाली आपोआप 14.7 होते, वर शिखरावरच ठेवलेले 16 होते आणि इंजिन अडखळू लागते. धावपट्टीजवळ येऊन उतरणे रद्द करावे लागले व वैमानिकाने थ्रॉटल पूर्ण उघडला, तर अशा मिश्रणावर पूर्ण शक्ती मागणे हाच खरा धोका असतो. म्हणून उतरताना गुंडी टप्प्याटप्प्याने आत ढकलतात आणि उतरण्यापूर्वीच्या तपासणीत ती पुन्हा पाहतात.

मर्यादा

अनेक विमानांत शलाका एकाच सिलिंडरच्या नळीत असते. कार्ब्युरेटर चारही सिलिंडरांना सारखे मिश्रण पोहोचवीत नाही, म्हणून शलाकेविना असलेला एखादा सिलिंडर आधीच शिखर ओलांडून गेलेला असतो. इंजिनाचा खडबडीतपणा ही त्याची खूण. अशा वेळी काटा काहीही सांगो, इंजिन सुरळीत होईपर्यंत गुंडी आत घेतात. तसेच निष्कास वायू तापला म्हणजे इंजिनावर ताण वाढला असे नव्हे. एक मॅग्नेटो बंद केल्यास शक्ती घटते, तरी ज्वलन लांबून अधिक उष्णता नळीत जाते व काटा चढतो. इंजिनाचा ताण पाहावयाचा तर सिलिंडरच्या डोक्याचे तापमान दाखविणारा काटा निराळा असतो.