दस्तऐवज-प्रतिमेची दुरुस्ती (कोन, तिरकेपणा व सावली)

मोबाइलने काढलेल्या दस्तऐवजाच्या फोटोतील रकाने वाचण्याआधी पान सपाट, सरळ आणि एकसारखे उजळ करण्याची प्रक्रिया. अक्षरओळख ही त्यानंतरची पायरी आहे. तक्त्याच्या नोंदवहीत ही दुरुस्ती नीट झाली नाही, तर अक्षरे बरोबर वाचूनही माहिती चुकीच्या ओळीत पडते.

बीडमधील संदर्भ. बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तेथील जुने अभिलेख देवनागरी व मोडीतील मराठीबरोबर उर्दूतही आढळतात. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, खासरा पत्रक आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 (कोतवाल बुक) ही अशा शोधातील नेहमीची कागदपत्रे. यांत नाव एका रकान्यात आणि जात दुसऱ्या रकान्यात असते. म्हणून ओळ चुकली की एकाची जात दुसऱ्याच्या नावापुढे लागते.

कोन. फोटो तिरप्या कोनातून काढला की आयताकृती पान चौकोनी पण वेडेवाकडे दिसते. जवळची कड लांब, दूरची आखूड होते. अशा फोटोत वरच्या ओळीचा कल वेगळा आणि खालच्या ओळीचा वेगळा असल्याने नुसते फिरवून पान सरळ होत नाही. त्यासाठी पानाचे चार कोपरे शोधून ते खऱ्या आयताच्या चार कोपऱ्यांशी जुळवतात. ओपनसीव्हीमध्ये हे काम पुढीलप्रमाणे होते :

```python
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
page = cv2.warpPerspective(img, M, (w, h))
```

`w` आणि `h` यांचे प्रमाण नोंदवहीचे पान पट्टीने मोजून ठरवणे उत्तम. दूरची कड ताणल्याने तेथे नवा तपशील येत नाही. जवळची कड 3000 आणि दूरची 2100 पिक्सेल असेल, तर जवळ 30 पिक्सेल उंच दिसणाऱ्या अक्षराला दूरच्या कडेला सुमारे 21 पिक्सेलच मिळालेले असतात.

तिरकेपणा. कोन काढल्यावरही थोडा कल उरतो. समजा, 30 सेंमी रुंद पान 3000 पिक्सेलचे आहे आणि एका ओळीची उंची 8 मिमी, म्हणजे 80 पिक्सेल. फक्त 2 अंशांच्या कलाने ओळीचे दुसरे टोक सुमारे 105 पिक्सेल सरकते. म्हणजे डावीकडचे नाव आणि त्याच आडव्या पट्टीतील उजवीकडचा शेरा वेगवेगळ्या व्यक्तींचे ठरतात. देवनागरी आणि मोडीत शिरोरेघ असल्यामुळे प्रतिमा थोडी थोडी फिरवून प्रत्येक आडव्या पट्टीतील शाई मोजली, तर योग्य कोनाला शिरोरेघांची शिखरे सर्वांत टोकदार दिसतात. उर्दूच्या नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरतात, म्हणून तेथे ही रीत फसते. अशा पानावर तक्त्याच्या आखलेल्या रेघांवरूनच कल काढावा.

सावली. फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली पडली की एकच उंबरठा लावून शाई आणि कागद वेगळे करता येत नाहीत. उजेडातील कागद 220 व शाई 80, आणि सावलीतील कागद 90 व शाई 33 असेल, तर 128 च्या उंबरठ्याला सावलीचा सगळा भाग काळा होतो. पण शाई आणि कागद यांचे गुणोत्तर दोन्हीकडे जवळपास तेच, सुमारे 0.36 असते. म्हणून शाई पुसून फक्त कागदाच्या उजेडाचा अंदाज घेतात आणि मूळ प्रतिमेला त्याने भागतात :

```python
k = np.ones((15, 15), np.uint8)
bg = cv2.medianBlur(cv2.dilate(gray, k), 51)
out = cv2.divide(gray, bg, scale=255)
```

खिडकीचा आकार (येथे 15) शाईच्या रेघेच्या जाडीपेक्षा मोठा हवा. लहान पडला तर जाड बोरूची अक्षरे मधून पोकळ दिसतात. फ्लॅशच्या चकाकीने पांढरा पडलेला भाग मात्र यातून परत येत नाही, तेथे फोटो पुन्हा काढावा लागतो.

मर्यादा आणि तपासणी. चार कोपऱ्यांची रीत सपाट पानालाच लागू पडते. जाड वहीच्या शिवणीजवळ पान वाकते, तेथे रेघा कमानदार राहतात. आखलेल्या रेघेची दोन टोके सरळ जोडून मधला फरक मोजावा. तो ओळीच्या निम्म्या उंचीच्या जवळ गेला, तर ओळ ठरवण्यावर विश्वास ठेवू नये. पान काचेने दाबून नवा फोटो घ्यावा किंवा रेघांच्या वळणानुसार प्रतिमा सरळ करावी. शेवटी अनुक्रमांकांचा रकाना क्रमाने वाचून पाहावा आणि पानाच्या दोन्ही टोकांना ओळींची संख्या सारखी येते का ते तपासावे. ही संख्या जुळत नसेल, तर त्या पानावरची एकही नोंद मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.