विनिमय-सत्र, परदेशी विद्यापीठातील

स्वदेशातील विद्यापीठाचा विद्यार्थी आपली मूळ नोंदणी कायम ठेवून पदवी-अभ्यासक्रमाचे एक सत्र परदेशातील भागीदार विद्यापीठात पूर्ण करतो आणि तेथे मिळविलेले श्रेयांक परतल्यावर मूळ पदवीत जमा होतात, अशा व्यवस्थेस विनिमय-सत्र म्हणतात. यजमान विद्यापीठ त्यास पदवी देत नाही व त्याच्याकडून अध्यापनशुल्कही घेत नाही. शुल्क तो मूळ संस्थेतच भरत राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांत जोड-अभ्यासक्रम, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार सांगितले असून जोड-अभ्यासक्रमात एकूण श्रेयांकांपैकी 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेतून मिळविता येतात; विनिमय-सत्र त्याहून लहान व सुटसुटीत असते, परंतु श्रेयांक-मान्यतेचा प्रश्न दोहोंत एकच आहे. प्रस्तुत नोंदीत त्या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयाच्या दृष्टीने केला आहे.

जिल्ह्यातील स्थिती. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड येथील बहुसंख्य महाविद्यालये 1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी, संलग्न आहेत; यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. या संलग्नतेचा परिणाम असा की, वर्ग महाविद्यालयात भरतात, हजेरी महाविद्यालयात लागते, पण अभ्यासक्रम, परीक्षा, गुणपत्रक आणि पदवी या चारही गोष्टी विद्यापीठाच्या हाती असतात. आपल्या विभागप्रमुखाने तोंडी दिलेल्या आश्वासनावर विसंबून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक परतल्यावर कोठेच जमा होत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असते. ज्याने शब्द दिला त्याला तो पाळण्याचा अधिकारच नसतो. स्वायत्त महाविद्यालयास आपली परीक्षा स्वतः घेता येत असल्याने तेथील वाट जवळची आहे, तरी पदवी विद्यापीठाचीच असल्यामुळे तेथेही विद्यापीठास अगोदर कळविणे आवश्यक ठरते.

करार व नामनिर्देशन. विनिमयाचा पाया म्हणजे दोन संस्थांमधील लेखी करार. त्यात दरवर्षी किती विद्यार्थी, कोणत्या शाखेचे, किती सत्रांसाठी पाठवावयाचे हे ठरलेले असते, आणि शुल्कमाफी त्या संख्येपुरतीच लागू होते. संख्येबाहेरचा विद्यार्थी यजमान विद्यापीठास चालला तरी तो शुल्क भरणारा पाहुणा विद्यार्थी ठरतो. म्हणून इच्छुकाने पहिली चौकशी करारासंबंधी करावी: तो अद्याप मुदतीत आहे काय, त्यावर विद्यापीठाची सही आहे की केवळ महाविद्यालयाची, त्यात आपली शाखा येते काय आणि त्यात विद्यार्थी-विनिमयाचे कलम आहे काय. अनेक सामंजस्य-करार केवळ संशोधन व अध्यापकांच्या भेटींपुरते असतात; अशा कराराखाली नामनिर्देशन होऊ शकत नाही.

नामनिर्देशन विद्यार्थी करीत नाही, मूळ संस्था करते. महाविद्यालय अर्ज मागवून गुणवत्ता, अनुत्तीर्ण विषय आणि भाषेची तयारी पाहून निवड करते, प्राचार्यांच्या शिफारशीने ती यादी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कामकाज पाहणाऱ्या कार्यालयाकडे जाते, आणि तेथून यजमान विद्यापीठाकडे नावे रवाना होतात. शरद-सत्रासाठी ही मुदत सामान्यतः त्याच वर्षीच्या वसंतात संपते, म्हणजे पाचव्या सत्रात जाऊ इच्छिणाऱ्याचे नाव चौथे सत्र चालू असतानाच ठरते आणि त्याच्या हाती तेव्हा तिसऱ्या सत्रापर्यंतचीच गुणपत्रके असतात. यासाठी तयारी दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच सुरू करावी लागते. नामनिर्देशन म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर विद्यार्थ्याने यजमान विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो, आणि स्वीकृतिपत्र हाती येईपर्यंत तिकीट काढणे धोक्याचे असते.

सत्राची निवड. अमरावती विद्यापीठाचे विषम सत्र जून-जुलैत सुरू होऊन हिवाळी परीक्षेने संपते व सम सत्र उन्हाळी परीक्षेने संपते. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असे असून तेथील व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. त्यामुळे तेथे गेलेला विद्यार्थी आपल्याकडील एका सत्राची अखेर व दुसऱ्याचा आरंभ असे दोन्ही गमावतो, आणि एका सत्राच्या श्रेयांकांसाठी वर्षभराची अडचण ओढवून घेतो. फिनलंडमधील शरद-सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपते. ते आपल्या विषम सत्रावर जवळजवळ बेतलेले आहे. यजमान विद्यापीठाची कीर्ती पाहण्यापूर्वी त्याचे वेळापत्रक पाहावे, हा नियम यातून निघतो.

श्रेयांक-मान्यता. युरोपीय श्रेयांक-पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 व सत्राचे 30 श्रेयांक असतात. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे 40 व सत्राचे 20 श्रेयांक धरले असून एका श्रेयांकामागे 30 तासांचे अध्ययन गृहीत आहे. म्हणून पूर्ण सत्रास पूर्ण सत्र या न्यायाने दीड युरोपीय श्रेयांक म्हणजे एक भारतीय श्रेयांक, असे प्रमाण सहज बसते. परंतु संख्या जुळली म्हणजे मान्यता मिळाली असे नाही; अभ्यास मंडळ विषयाचा आशय पाहते. त्यासाठी यजमान विद्यापीठातील प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, अध्ययनाचे तास, मूल्यमापनाची रीत आणि विषय-संकेतांक जोडून समतुल्यतेचा तक्ता करावा लागतो. महाविद्यालयाच्या विभागाने तो तपासून विद्यापीठाकडे पाठवावा, आणि अभ्यास मंडळ व विद्यापरिषद या मार्गाने त्यावर लेखी मंजुरी घ्यावी. या मंडळांच्या बैठका दरमहा होत नाहीत. सर्वाधिक विलंब येथेच होतो.

उदाहरणादाखल पुसद येथील अभियांत्रिकीच्या एका काल्पनिक विद्यार्थिनीचे पाचवे सत्र घेऊ. तिच्या सत्रात प्रत्येकी 4 श्रेयांकांचे चार लेखी विषय व प्रत्येकी 2 श्रेयांकांच्या दोन प्रयोगशाळा, असे 20 श्रेयांक आहेत. फिनलंडमधील यजमान संस्थेत तिला प्रत्येकी 5 युरोपीय श्रेयांकांचे सहा विषय, म्हणजे 30 श्रेयांक, घ्यावयाचे आहेत. विषयास विषय लावून पाहिला तर 4 भारतीय श्रेयांकांस 6 युरोपीय लागतात आणि तेथील विषय 5 चाच असल्याने प्रत्येक ठिकाणी एका श्रेयांकाची तूट येते. तिच्या मार्गदर्शकाने येथे गटवार समतुल्यता सुचविली: तीन लेखी विषय व दोन प्रयोगशाळा मिळून 16 भारतीय श्रेयांक होतात, त्यांस 24 युरोपीय श्रेयांक लागतात, आणि तेथील पाच विषयांचे 25 श्रेयांक ती गरज भागवितात. तासांच्या हिशेबानेही तक्रारीस जागा उरत नाही, कारण 16 श्रेयांकांचे 480 तास होतात, तर फिनलंडमध्ये वर्षाच्या 60 श्रेयांकांमागे 1600 तास धरले जात असल्याने 25 श्रेयांकांचे सुमारे 667 तास भरतात. चौथ्या लेखी विषयास तेथे जोड नाही. त्याची परीक्षा परतल्यावर उन्हाळी परीक्षेच्या वेळी देण्याची परवानगी ती त्याच मंजुरीत मागून घेते. सहावा विषय राखीव म्हणून तक्त्यात नोंदविला जातो, म्हणजे पाचांपैकी एखाद्यात अपयश आले, तर त्याची जागा कोणता विषय घेईल हे अगोदरच ठरलेले राहते.

हाच तक्ता अध्ययन-करारात उतरतो. त्यावर विद्यार्थी, मूळ संस्था व यजमान संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. तेथे पोहोचल्यावर एखादा विषय त्या सत्रात शिकविलाच जात नाही किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात, असे वारंवार घडते. अशा वेळी बदललेल्या विषयाची मंजुरी पहिल्या काही आठवड्यांतच मूळ संस्थेकडून लेखी मागवावी, कारण मंजूर तक्त्याबाहेरचा विषय कितीही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला तरी तो जमा होईल याची हमी नसते.

गुणांचे रूपांतरही प्रस्थानापूर्वी ठरले पाहिजे. फिनलंडमध्ये 0 ते 5 अशी श्रेणी असून 5 सर्वोत्तम आहे, जर्मनीत 1.0 सर्वोत्तम व 4.0 उत्तीर्णतेची सीमा आहे. आपल्याकडे 10 सर्वोत्तम. जर्मन 1.3 हा उत्कृष्ट गुण अनभिज्ञ लिपिकाच्या नोंदीत नापासाचा ठरू शकतो. श्रेयांक केवळ उत्तीर्ण म्हणून जमा करावयाचे व सरासरीत धरावयाचे नाहीत, किंवा ठरलेल्या कोष्टकाने गुण बदलून सरासरीत धरावयाचे, असे दोन मार्ग आहेत. यांपैकी कोणता, हे मंजुरीच्या पत्रात लिहिलेले असावे.

द्रव्यव्यवस्था. शुल्कमाफी असली तरी प्रवास, निवास, विमा व प्रवेशपरवाना यांचा खर्च उरतो. फिनलंडच्या निवास-परवान्यासाठी दरमहा 800 युरो निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते; चार महिन्यांचे 3200 युरो झाले, आणि युरोचा भाव 100 रुपये धरल्यास ही रक्कम 3 लाख 20 हजार रुपये होते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस योजनेतून भारतीय विद्यार्थ्यास यजमान देशानुसार दरमहा सुमारे 800 ते 900 युरो व प्रवासखर्च मिळू शकतो; मात्र त्या निधीसाठी अर्ज युरोपीय विद्यापीठ करते, म्हणून करारातील जागेस निधीचा आधार आहे काय, हे नामनिर्देशनापूर्वीच विचारावे. फ्रान्ससाठी तेथील दूतावासाची शारपाक विनिमय-शिष्यवृत्ती आणि जपानसाठी दरमहा 80 हजार येनची जॅसो शिष्यवृत्ती उपलब्ध असते. याउलट महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या परदेशातील पूर्ण पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत; पदवीच्या एका सत्रासाठी त्यांवर भिस्त ठेवू नये.

जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांचे शुल्क महाडीबीटीवरील शासकीय शिष्यवृत्तीतून भागते आणि तिला हजेरीची अट असते. परदेशातील सत्र म्हणजे गैरहजेरी, असा अर्थ लागला तर शिष्यवृत्ती अडते व मूळ संस्थेचे शुल्क खिशातून भरावे लागते. यावर उपाय म्हणजे विद्यार्थी विद्यापीठाच्या मंजुरीने परदेशी अध्ययन करीत आहे, असा प्राचार्यांचा आदेश प्रस्थानापूर्वी काढून त्याची प्रत महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात दाखल करणे, आणि समाजकल्याण किंवा संबंधित खात्याकडून अभिप्राय मागवून ठेवणे.

मूळ संस्थेचे उर्वरित काम. प्रस्थानापूर्वी विद्यार्थ्याची सत्र-नोंदणी व शुल्क चालू ठेवणे, समतुल्य झालेल्या विषयांसाठी हिवाळी परीक्षेचा अर्ज भरला जाणार नाही याची खबरदारी घेणे, आणि परीक्षा विभागास मंजुरीची प्रत पाठविणे ही कामे महाविद्यालयाची आहेत. तो अर्ज नेहमीच्या शिरस्त्याने भरला गेला तर विद्यार्थी त्या विषयांत गैरहजर, म्हणून अनुत्तीर्ण, दाखविला जातो. पारपत्रासाठी हा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत आहे. नामनिर्देशनाच्या वेळी पारपत्र हाती असावे.

सत्र संपल्यावर यजमान विद्यापीठ आपले अधिकृत गुणपत्रक थेट मूळ विद्यापीठाकडे पाठविते. ते मंजूर तक्त्याशी ताडून परीक्षा विभाग श्रेयांक नोंदवितो आणि मूळ संस्थेमार्फतच ते विद्यार्थ्याच्या शैक्षणिक श्रेयांक-पेढीतील खात्यात जमा होतात. सहाव्या सत्राचे गुणपत्रक हाती येताच विद्यार्थ्याने पाचव्या सत्राचे 20 श्रेयांक त्यात पूर्ण दिसतात की नाही हे पाहावे. कमी दिसल्यास मंजुरीचे पत्र व अध्ययन-करार जोडून दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा, कारण पदवीचा अंतिम निकाल सर्व सत्रांचे श्रेयांक पूर्ण झाल्याखेरीज जाहीर होत नाही.