तारीख उलटली तरी कळा नाहीत. थांबायचं की कळा आणायच्या, डॉक्टर कसं ठरवतात?

दिलेली तारीख उलटली की घरात काळजी सुरू होते. मात्र डॉक्टर आधी ती तारीखच तपासतात.

ही तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढतात. हा हिशेब पाळी 28 दिवसांनी येते असं धरून असतो. पाळी उशिरा येणाऱ्या बाईचा गर्भही उशिरा राहतो. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जास्त भरवशाची. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलत नाहीत, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी 1 जानेवारीला, म्हणून थायी कार्डावर तारीख 8 ऑक्टोबर. पण पाळी 38 दिवसांनी येणारी. पाळीच्या हिशेबाने 11 आठवडे झाले तेव्हाच्या सोनोग्राफीत गर्भ 9 आठवडे 4 दिवसांचाच दिसला होता. दहा दिवसांचा फरक, म्हणून खरी तारीख 18 ऑक्टोबर. 15 ऑक्टोबरला घरच्यांच्या मते आठवडा उलटून गेला. प्रत्यक्षात 39 आठवडे 4 दिवसच झालेत. बाकी सगळं ठीक असेल तर थांबायला हरकत नाही.

25 ऑक्टोबरला मात्र खरे 41 आठवडे पूर्ण होतात. इथून पुढे वार थकत जाण्याची आणि बाळ पोटातच दगावण्याची शक्यता वाढते. ती कमीच असते, पण 42 आठवड्यांकडे जाताना वाढत जाते. म्हणून तारखेची खात्री असेल तर 41 आठवड्यांना कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बीपी, शुगर, बाळाची खुंटलेली वाढ असं काही असेल तर त्याआधीच ठरवावं लागतं. थांबायचं ठरलं तर बाळाच्या ठोक्यांचा आलेख आणि गर्भजलाची तपासणी पुन्हा पुन्हा करतात.

कळा कशा आणायच्या हे पिशवीच्या तोंडावर ठरतं. ते किती उघडलं, किती मऊ आणि आखूड झालं, बाळाचं डोकं किती खाली आलं, हे हाताने तपासून गुण देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात. स्कोअर 8 किंवा जास्त असेल तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिनचं सलाइन लावतात. 6 किंवा कमी असेल तर आधी जेल, गोळी किंवा फुग्याच्या नळीने तोंड मऊ करावं लागतं. त्यात एखादा दिवस सहज जातो. म्हणजे उपाय फसला असं नव्हे.

आधी सिझेरियन झालेलं असेल तर मिझोप्रोस्टोलची गोळी टाळतात, कारण जुन्या टाक्यांवर पिशवी फाटू शकते. औषधाने कळा फार जवळजवळ आल्या तर बाळाचे ठोके बिघडतात. म्हणून हे काम घरी होत नाही.

बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.