रेखागणितातील ‘शकल’: डोळ्यांना दिसते ते आणि सिद्ध होते ते

१/
इ. स. १७१८ च्या सुमारास सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडच्या भूमितीचे संस्कृत रूपांतर सिद्ध केले. तो मूळचा महाराष्ट्रातील होता, असे मानले जाते. ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’. त्याच्यासमोर ग्रीक मूळ नव्हते, तर नासिरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात सिद्ध केलेली अरबी संहिता होती. पंधरा अध्याय आणि ४७८ सिद्धांत असलेला हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईत दोन खंडांत छापला गेला.

२/
अरबीचा ठसा त्यात जागोजागी दिसतो. आकृतीतील बिंदूंना अ, ब, ज, द अशी नावे आहेत, कारण अरबी अक्षरांचा जुना क्रम तोच आहे. सिद्धांताला जगन्नाथ ‘शकल’ म्हणतो, आणि अरबीत त्या शब्दाचा अर्थच ‘आकृती’. सिद्धांताचे नाव आकृती, तरी सिद्धांताचा आधार मात्र आकृती नाही. या परंपरेची सारी शिस्त या भेदात सामावली आहे.

३/
उदाहरणासाठी ठाणे-भिवंडी मार्गावरील कशेळीची खाडी घेऊ. खरे काठ वळणावळणाचे असतात; येथे ते दोन सरळ रेषा मानू आणि पूल त्यांची छेदिका. कागदावर अशी आकृती काढली, पण एकही कोन लिहिला नाही. काठ समांतर आहेत काय? पाहणारा ‘होय’ म्हणेल. आकृतीने मात्र तसे काहीही सांगितलेले नाही.

४/
आता एका काठाशी पुलाचा कोन ७०° आहे आणि दुसऱ्या काठाशी त्याचा व्युत्क्रम कोनही ७०° आहे, असे दिले गेले. तर काठ समांतर ठरतात. हा युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील २७ वा सिद्धांत. काठ कुठेतरी मिळतात असे मानले, तर पुलासह त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाचा बाह्यकोन समोरच्या आंतरकोनाएवढा होईल. पण बाह्यकोन तर नेहमीच समोरच्या आंतरकोनापेक्षा मोठा असतो. विसंगती आली, म्हणून मानलेली गोष्ट खोटी.

५/
दुसरा कोन ७०° नसून ६९° असेल तर? एका बाजूला पुलाशी होणारे आंतरकोन ११०° आणि ६९°, बेरीज १७९°. त्या बाजूला काठ मिळतात आणि तिथला कोन १° असतो. पूल ५०० मीटर धरला, तर तो बिंदू सुमारे २७ किलोमीटर दूर पडतो. कागदावर पूल ५ सेंटिमीटरचा काढला, तर तो जवळजवळ पावणेतीन मीटरवर जाईल, म्हणजे पानाबाहेर. डोळ्याला त्या रेषा समांतरच दिसणार.

६/
२९ वा सिद्धांत उलट दिशेने चालतो: रेषा समांतर असतील, तर व्युत्क्रम कोन समान. विद्यार्थ्याची गफलत बहुधा येथे होते. रेषा समांतर ‘दिसतात’ म्हणून तो कोन समान मानतो, आणि कोन समान म्हणून रेषा समांतर ठरवतो. तर्क गोल फिरतो, हाती काहीच लागत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रत्येक पायरीपुढे ‘हे दिलेले आहे की कशावरून निघाले?’ असे विचारावे. उत्तर ‘आकृतीत तसे दिसते’ असे आले, की ती पायरी खोडावी.

७/
त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° का? अबज त्रिकोणात अ मधून बज ला समांतर रेषा काढावी. व्युत्क्रम कोनांमुळे ब आणि ज यांचे कोन अ पाशी येतात आणि तिन्ही मिळून सरळ कोन होतो. बहिर्वक्र पंचकोनाचे एका शिरोबिंदूतून तीन त्रिकोण पडतात, म्हणून त्याची बेरीज ५४०°. त्यातून प्रत्येक कोन १०८° असे मात्र निघत नाही. त्यासाठी पंचकोनाचे सर्व कोन समान असल्याचे दिलेले असावे लागते.

८/
या साऱ्याच्या तळाशी युक्लिडचे पाचवे गृहीतक आहे: एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर रेषा त्या बाजूला मिळतात. २७ व्या सिद्धांताला ते लागत नाही, २९ व्याला लागते. आकृतीत ते इतके उघड दिसते, की तुसीसह अनेकांनी ते सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तेच गृहीत, वेगळ्या वेषात, आत शिरलेले आढळले. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी केली. त्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° हून कमी भरते. युक्लिडने जे ‘दिसते’ म्हणून न सोडता गृहीतक म्हणून स्पष्ट लिहून ठेवले, ते खरोखरच गृहीतक होते.