वजा सत्तर ग्रॅम तूरडाळ

1945 च्या मे महिन्यात ‘जर्नल ऑफ फार्म इकॉनॉमिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाचा एक लेख आला. सत्तर किलो वजनाच्या, बेताचे श्रम करणाऱ्या पुरुषाला पुरेसे पोषण देणारे अन्न वर्षाला कमीत कमी किती खर्चात मिळेल, हा त्याचा प्रश्न होता. आहारतज्ज्ञ ज्याला ‘किमान खर्चाचा आहार’ म्हणत, त्यात चव, विविधता आणि रूढी यांचा खर्च न सांगता मिसळलेला असतो, असे स्टिगलरचे म्हणणे होते. म्हणून त्याने फक्त पोषण मोजले: 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषकघटक. उष्मांक 3000, प्रथिने 70 ग्रॅम, याप्रमाणे प्रत्येक घटकाचे लक्ष्य ठरलेले.

वरवर पाहता हे शाळेतल्या समीकरणांसारखे वाटते. आपल्याच स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. शंभर ग्रॅम ज्वारीत ढोबळमानाने 10 ग्रॅम प्रथिने आणि 350 उष्मांक असतात. तूरडाळीत 22 ग्रॅम आणि 340. दोन्ही मिळून 60 ग्रॅम प्रथिने आणि 1700 उष्मांक हवे असतील, तर गणित सुटते: सुमारे 395 ग्रॅम ज्वारी आणि 93 ग्रॅम डाळ.

आता उष्मांक तेवढेच ठेवून प्रथिने नेमकी 40 ग्रॅम मागा. शेकड्यांच्या मापात x ज्वारी आणि y डाळ धरली, तर

10x + 22y = 40
350x + 340y = 1700

उत्तर येते ज्वारी 553 ग्रॅम आणि डाळ उणे 70 ग्रॅम. ताळा करून पाहिला तर दोन्ही समीकरणे जुळतात. आकडेमोडीत चूक नाही. पण उणे डाळ शिजत नाही. ज्वारीत दर शंभर उष्मांकांमागे 2.9 ग्रॅम प्रथिने आहेत, डाळीत 6.5. यांचे कोणतेही मिश्रण या दोन आकड्यांच्या मध्येच पडणार. आपली मागणी होती 2.4 ची, म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेरची. उणे चिन्ह नेमके तेच सांगते.

सुटकेची वाट मात्र सोपी आहे. ‘नेमके 40’ ऐवजी ‘निदान 40’ म्हणा. नुसत्या 486 ग्रॅम ज्वारीत 1700 उष्मांक भरतात आणि प्रथिने जवळजवळ 49 ग्रॅम होतात. स्टिगलरची लक्ष्येही अशीच होती: त्याहून कमी नको, जास्त चालेल. पण ही सवलत घेतली की एकाऐवजी अगणित उत्तरे शक्य होतात आणि त्यांतले सर्वांत स्वस्त शोधावे लागते. त्यासाठीची थेट रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. स्टिगलरने स्पष्टपणे महाग पडणारे पदार्थ वगळत यादी 15 वर आणली आणि अदलाबदल करत गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे ही पाच नावे गाठली. 1939 च्या भावाने वर्षाचा खर्च होता 39.93 डॉलर.

1947 मध्ये जॉर्ज डँट्झिगने सिम्प्लेक्स पद्धत मांडली आणि तिची कसोटी म्हणून हाच प्रश्न घेतला गेला. जॅक लॅडरमनच्या देखरेखीखाली नऊ कारकुनांनी हाताने चालणाऱ्या गणनयंत्रांवर सुमारे 120 मनुष्यदिवस खपून तो सोडवला. उत्तर आले 39.69 डॉलर. स्टिगलरचा अंदाज फक्त 24 सेंटांनी चुकला होता. नव्या यादीतही पाचच पदार्थ होते, दुधाच्या जागी यकृत आले होते.

पाचच का? त्या उत्तरात उष्मांक, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन आणि क जीवनसत्त्व हे पाच घटक नेमके लक्ष्यावर टेकतात; प्रथिने, लोह वगैरे चार घटक जास्तच मिळतात. म्हणजे शेवटी उरतात पाच समीकरणे आणि पाच अज्ञात. ती सोडवणे अवघड नाही. कोणते पाच पदार्थ घ्यायचे, हे अवघड. 77 मधून पाच निवडण्याचे मार्ग 1 कोटी 97 लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत कुठे ना कुठे उणे आकडा लपलेला असणार.

सिम्प्लेक्स तो आकडा येऊच देत नाही. नवा पदार्थ यादीत वाढवत नेला की काही जुने पदार्थ घटू लागतात. त्यांतला जो सर्वांत आधी शून्याला टेकेल तिथे थांबायचे, आणि तो पदार्थ यादीतून काढायचा. याहून एक पाऊल पुढे गेलो की तो उणे होईल. उणे आकडे शेवटी तपासण्याऐवजी ही तपासणी प्रत्येक पायरीतच मुरवलेली आहे.

तरीही धन उत्तर म्हणजे खाण्याजोगे उत्तर नव्हे. पुढे डँट्झिगने स्वतःचे वजन उतरवण्यासाठी संगणकाकडून आहार काढून घेतला, तेव्हा यादीत 500 गॅलन व्हिनेगर आले. ते वगळल्यावर दिवसाला सूपच्या 200 वड्या आल्या. एकही आकडा उणे नव्हता. शून्याखाली जायचे नाही हे यंत्राला सांगितले होते. किती वर जायचे नाही, हे सांगायचे राहिले होते.