महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलला आणि बिल दुप्पट आलं? 'प्रोरेटेड चार्जेस'चा हिशोब असा तपासा

ब्रॉडबँडचा 599 रुपयांचा प्लॅन बदलून 999 चा घेतला, तर पुढचं बिल चारशे रुपये आणि त्यावरच्या टॅक्सने वाढेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बिल येतं 1,414 रुपयांचं. त्यात 'प्रोरेटेड चार्जेस' नावाच्या दोन-तीन ओळी असतात, एका रकमेपुढे वजाचं चिन्ह असतं आणि काहीच कळत नाही. मग एक तर मुकाट्याने पैसे भरले जातात किंवा 'कंपनीने फसवलं' म्हणून बिल भरायचंच थांबवलं जातं.

हे दोन्ही करायच्या आधी दहा मिनिटांचा हिशोब पुरतो. असं बिल बऱ्याचदा बरोबर असतं, पण चुकलेलं असेल तर तेही याच हिशोबातून लगेच दिसतं.

प्रोरेटेड म्हणजे काय?

प्रोरेटेड म्हणजे दिवसांच्या प्रमाणात. महिन्याचं भाडं भागिले महिन्याचे दिवस, गुणिले प्लॅन प्रत्यक्ष चालू असलेले दिवस, इतकं साधं सूत्र आहे. घरमालक महिन्याच्या 10 तारखेला खोली सोडणाऱ्या भाडेकरूकडून दहाच दिवसांचं भाडं घेतो, तसंच हे.

गोंधळ या सूत्रामुळे होत नाही, तो होतो भाडं आगाऊ घेतल्यामुळे. अनेक ब्रॉडबँड कंपन्या आणि काही पोस्टपेड प्लॅन येणाऱ्या महिन्याचं भाडं आधीच घेतात. म्हणजे 1 जूनच्या बिलात जूनचं भाडं भरलेलं असतं. मध्येच प्लॅन बदलला की आधी घेतलेल्या पैशांचा हिशोब मागे जाऊन करावा लागतो आणि तो पुढच्या बिलात उमटतो.

एक बिल सोडवून पाहू

समजा, अहिल्यानगरच्या सावेडीतल्या एका घराची बिलिंग सायकल 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत आहे आणि भाडं आगाऊ घेतलं जातं. 1 जूनला 599 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 706.82 रुपये त्यांनी भरले. मुलाचे ऑनलाइन क्लास सुरू झाले, स्पीड कमी पडायला लागला, म्हणून 16 जूनपासून 999 चा प्लॅन सुरू करून घेतला. आता 1 जुलैच्या बिलात तीन ओळी येतील.

पहिली ओळ जुन्या प्लॅनच्या परताव्याची. जूनचे 599 रुपये आधीच भरलेले आहेत, पण तो प्लॅन 15 दिवसच चालला. उरलेल्या 15 दिवसांचे 599 × 15 ÷ 30, म्हणजे 299.50 रुपये वजा होतात. वजाचं चिन्ह असतं ते इथे.

दुसरी ओळ नव्या प्लॅनच्या जूनमधल्या दिवसांची. 16 ते 30 जून या 15 दिवसांचे 999 × 15 ÷ 30, म्हणजे 499.50 रुपये.

तिसरी ओळ जुलैच्या आगाऊ भाड्याची. पूर्ण 999 रुपये.

एकूण झाले 1,199 रुपये. त्यावर जीएसटी 215.82 रुपये. भरायची रक्कम 1,414.82 रुपये. आधीच्या 706.82 च्या जवळपास दुप्पट.

पण खरंच जास्तीचं किती गेलं? नव्या प्लॅनचं नेहमीचं बिल टॅक्ससह 1,178.82 रुपये असणार आहे. फरक फक्त 236 रुपयांचा, आणि तोही जूनमधल्या त्या 15 दिवसांच्या जास्त स्पीडचा आहे. ऑगस्टचं बिल पुन्हा 1,178.82 वर यायला हवं. ते आलं नाही, तर मात्र विचारणा करायची.

भाडं महिना संपल्यावर घेणारी कंपनी असती, तर याच घराला 299.50 आणि 499.50 अशा दोनच ओळी दिसल्या असत्या आणि टॅक्ससह बिल 942.82 रुपये आलं असतं. म्हणून शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना करण्याआधी भाडं आगाऊ आहे की मागाहून, हे पाहणं गरजेचं आहे.

चूक ओळखायची कशी?

पहिली खूण आहे वजाची ओळ. भाडं आगाऊ भरलेलं असताना बिलात नव्या प्लॅनचे दिवस लावलेत, पण जुन्या प्लॅनचा परतावा कुठेच नाही, तर त्या दिवसांचे पैसे दोनदा घेतले गेलेत. वरच्या उदाहरणात ही चूक टॅक्ससह 353.41 रुपयांची होईल.

दुसरी खूण दिवसांच्या बेरजेची. प्रत्येक प्रोरेटेड ओळीसमोर तारखा असतात. जुन्या प्लॅनचे वापरलेले दिवस आणि नव्या प्लॅनचे दिवस मिळून महिन्याचेच दिवस व्हायला हवेत. जूनमध्ये बेरीज 31 आली, तर बदलाचा दिवस दोन्ही प्लॅनमध्ये मोजला गेला आहे.

तिसरी गोष्ट चूक नसते, पण तशी वाटते. 31 दिवसांच्या महिन्यात काही कंपन्या 31 ने भागतात, तर काही कायम 30 ने. 999 च्या प्लॅनचे दहा दिवस 31 ने भागले तर 322.26 रुपये होतात, 30 ने भागले तर 333 रुपये. फरक दहा-अकरा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कारण दुसरं आहे.

मोबाइल पोस्टपेडमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. भाडं अर्धं लागतं तसा काही प्लॅनमध्ये त्या महिन्याचा डेटाही अर्धाच मिळतो. 16 तारखेला 50 जीबीचा प्लॅन घेतला आणि महिनाअखेरपर्यंत पूर्ण 50 जीबी आहेत असं समजून वापरले, तर 25 जीबीनंतरच्या वापराचे वेगळे पैसे लागू शकतात. बदल करतानाच 'या महिन्यात डेटा किती मिळणार' हे विचारून घेतलेलं बरं.

हा सगळा गुंता टाळताही येतो. ट्रायच्या नियमांनुसार ग्राहक कधीही दुसरा प्लॅन निवडू शकतो आणि कंपनीने ती विनंती लगेच किंवा पुढच्या बिलिंग सायकलच्या सुरुवातीपासून अमलात आणायची असते. घाई नसेल तर 'पुढच्या सायकलपासून बदला' असं सांगायचं, म्हणजे प्रोरेटेड ओळी येतच नाहीत.

कनेक्शन बंद केलं तर?

आता त्याच घराची जुलैमध्ये पुण्याला बदली झाली आणि 10 जुलैला कनेक्शन बंद झालं असं धरू. जुलैचे 10 दिवस वापरले, 21 दिवस उरले. उरलेल्या दिवसांचे 999 × 21 ÷ 31, म्हणजे 676.74 रुपये. त्यावरचा जीएसटी धरून 798.55 रुपये परत मिळायला हवेत.

1 जुलैचं 1,414.82 रुपयांचं बिल भरलेलं असेल, तर ही रक्कम परत यायची. ते भरलेलंच नसेल, तर शेवटचं बिल त्यातून 798.55 वजा होऊन 616.27 रुपयांचं यायला हवं. बंद केलेल्या कनेक्शनचं पूर्ण 1,414.82 रुपयांचं बिल मागितलं जात असेल, तर थांबून विचारायला हवं.

इथे दोन अडचणी येतात. पहिली तारखेची. मोजणी कनेक्शन बंद झाल्याच्या दिवसापर्यंत होते, फोन करून सांगितल्याच्या दिवसापर्यंत नाही. ट्रायच्या निकषांनुसार विनंतीनंतर सात दिवसांत सेवा बंद व्हायला हवी. त्यामुळे 3 तारखेला विनंती केली आणि कनेक्शन 20 तारखेपर्यंत चालू दाखवलं, तर सात दिवसांपलीकडच्या भाड्यावर आक्षेप घेता येतो. पण त्यासाठी विनंतीचा क्रमांक आणि एसएमएस हातात हवा. नुसतं लोकल माणसाला 'बंद करा' असं सांगितल्याचा पुरावा राहत नाही.

दुसरी अडचण अटींची. सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं पॅकेज एकदम घेतलं असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत न करण्याची अट अनेकदा असते. काही मासिक प्लॅनमध्येही बंद करतानाच्या महिन्याचं पूर्ण भाडं घेण्याची अट असते. म्हणून वरचा हिशोब लावण्याआधी आपल्या प्लॅनच्या अटी वाचायला हव्यात.

राउटर परत केल्याची पावती आणि 'थकबाकी नाही' असा संदेश किंवा ईमेल जपून ठेवायचा. सुरुवातीला डिपॉझिट भरलं असेल, तर ट्रायच्या 2024 च्या नियमांनुसार कनेक्शन बंद झाल्यापासून 45 दिवसांत ते परत मिळायला हवं.

चूक सापडली, आता कुठे जायचं?

पहिली तक्रार कंपनीच्याच ग्राहक सेवा केंद्रात. तिथे डॉकेट नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. 'बिल जास्त आलंय' असं मोघम न सांगता 'जुन्या प्लॅनच्या 16 ते 30 जूनचे 299.50 रुपये वजा झालेले नाहीत' असं तारीख आणि रकमेसह सांगा. तक्रार मान्य झाली, तर आठवड्याभरात ती रक्कम खात्यात जमा व्हायला हवी.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत मिळालंच नाही, तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून उपयोग होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मात्र वापरता येतो.

त्यानंतरचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. टेलिकॉम बिलाचे वाद ग्राहक आयोगात चालतात का, यावर बरीच वर्षं वाद होता. अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाला साधारण 555 रुपयांऐवजी 24,609.51 रुपयांचं बिल आलं होतं. त्या प्रकरणात 16 फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने, ग्राहक आयोगात दाद मागता येते, असा निकाल दिला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पारनेर किंवा शेवगावच्या ग्राहकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावं लागत नाही, अहिल्यानगरचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

वाद चालू असताना एक काळजी घ्या. बिल पूर्ण थांबवलं तर उशिराचा दंड लागतो, सेवा बंद होऊ शकते आणि वसुलीचे फोन सुरू होतात. हिशोबाने जेवढी रक्कम बरोबर निघते तेवढी भरा आणि उरलेल्या रकमेवर आक्षेप आहे, हे डॉकेट नंबरसह लेखी कळवा.